तैलरंगात पितळ-तांबं : भांडं पिवळं होतं, धातू होत नाही

रावपुरा_रंग
नमस्कार मंडळी. १६ बाय २० इंची कॅनव्हासवर तैलरंगात स्थिरचित्र चालू आहे. मांडणी साधी आहे. समोर पोटाचा पितळी तांब्या, त्याच्या उजवीकडे थोडा मागे तांब्याचा जुना हंडा, खाली विटकरी सतरंजी. खिडकी डाव्या हाताला, उत्तरेची. दोन्ही भांडी वापरातली आहेत, म्हणजे काही भाग लखलखीत आणि काही काळवंडलेला.

पितळेला यलो ऑकर आणि पांढरा वापरलाय. उजळ भाग मध्यभागी, कडांकडे गडद करत नेलंय, वर पांढरा हायलाइट. वाळल्यावर जुनेपणा दाखवायला बर्न्ट अंबर पातळ करून सगळ्यावरून फिरवला. आता तांब्या मोहरीच्या रंगाने रंगवलेल्या मडक्यासारखा दिसतोय आणि अंबरमुळे नुसता मळकट झालाय. चकाकी आणि काळपटपणा एकाच भांड्यावर कसे दाखवायचे? पितळ-तांबं एकमेकांवर जी उबदार झाक टाकतात ती कुठून आणायची?

ओली_शाई
हायलाइट पुरेसा पांढरा नसेल. धातूचा हायलाइट नेहमी शुद्ध पांढरा, ट्यूबमधून थेट. बाकीचं भांडं एक-दोन पट्ट्या गडद करा म्हणजे तो उठून दिसेल. नाहीच जमलं तर बाजारात सोनेरी रंगाची ट्यूब मिळते, ती थोडी मिसळा.

तळ्याकाठी
रावपुरा, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. "उजळ भाग मध्यभागी, कडांकडे गडद" ही मडक्याची छटा झाली. माती उजेड पसरवते, म्हणून तिच्यावर उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू उतार दिसतो. घासलेलं पितळ उजेड पसरवत नाही, समोर जे आहे ते परत दाखवतं. त्याला छटा नसते, प्रतिबिंबं असतात. त्यामुळे गडद आणि उजळ भाग एकमेकांना खेटून, मधल्या उताराशिवाय येतात.

तांब्याचं पोट फुगीर आरसा आहे. त्याच्या बरोबर मध्यभागी काय दिसतं? तुम्ही स्वतः, तुमचा ईझल आणि मागची भिंत. खिडकी डावीकडे आहे म्हणजे तुमच्या पाठीमागे बहुतेक अंधारच असणार. म्हणून पोटाचा मध्य पुष्कळदा सगळ्यात गडद भागांपैकी एक असतो, आणि तिथेच तुम्ही सगळ्यात उजळ रंग लावलाय. खिडकी डाव्या कडेपासून थोडी आत, उभी, अरुंद, बाकदार अशी दिसेल. गज असतील तर गजांच्या रेघाही. तिला लागूनच एकदम काळसर पट्टा येतो, तो खिडकीशेजारच्या भिंतीचा. पोटाच्या खालच्या अंगाला सतरंजी दिसते आणि तिची कड बाकदार रेघ होऊन पोटाभोवती फिरते. उजव्या कडेला हंडा, नारिंगी पट्टीच्या रूपात.

आता गळा बघा. उभ्या रेषेत तो आत वळलेला आहे, पोट बाहेर वळलेलं. त्यामुळे पोटावर सरळ दिसणारी खिडकी गळ्यावर उलटी होते. आकाशाचा उजळ भाग खाली आणि खिडकीचा खालचा गडद भाग वर जातो. हे बघून रंगवलं तर गळा आपोआप आत जातो. पोटावरचीच छटा गळ्यावर ओढत नेली की गळा सपाट पडतो, कितीही गडद करा.

आधी एक काम करा. रंग बाजूला ठेवा आणि कोळशाने फक्त या प्रतिबिंबांच्या सीमारेषा आखा. पितळेचं अर्धं चित्र तिथेच होतं.

फोडणीची_काकू
जुनी भांडी काळी पडली की चिंच उत्तम. लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ काढायचा, त्यात चमचाभर जाडं मीठ, आणि भांड्याला चोळून दोन-चार मिनिटंच ठेवायचं. जास्त वेळ ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं. मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसायचं, ओलं ठेवलं की डाग. शेवटी कोरड्या राखेने किंवा बारीक रांगोळीने हलक्या हाताने घासा. चिंचेने डाग जातो, चकाकी येते ती राखेने.

रावपुरा_रंग
काकू, धन्यवाद, पण मला भांडी साफ नाही करायची, काळपटपणासकट रंगवायची आहेत :)

तळ्याकाठी, मध्यभागी खरंच मी आणि ईझल आहोत. एवढा वेळ समोर बसून ते "पिवळं" म्हणूनच पाहत होतो.

कासारगल्ली
काकूंचा प्रतिसाद सोडून देऊ नका, तुमच्या चित्राला तो लागणार आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट आणि मीठ जास्त वेळ राहिलं की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं मागे राहतं, म्हणून गुलाबी डाग. वापरातल्या पितळी तांब्यावर असे फिकट गुलाबी पट्टे हमखास असतात, बहुतेक पोटाच्या खालच्या बाजूला, जिथे कोळ ओघळून साचतो. चित्रात असा एखादा डाग आला की भांडं घरातलं वाटतं. सगळा तांब्या एकाच पिवळ्यात असला तर दुकानातला.

काळपटपणा कुठे असतो तेही बघून घ्या. हात आणि राख पोचत नाही तिथे. काठाच्या वळलेल्या पट्टीखाली, गळ्याच्या खोबणीत, बुडाच्या सांध्यात, हंड्याच्या कड्यांच्या रिव्हिटांभोवती. काठाची वरची धार आणि पोटाचा सगळ्यात फुगीर भाग कायम घासलेला, कारण तिथे प्रत्येक वेळी हात लागतो. तुमचा अंबर सगळ्यावरून सारखा फिरला, म्हणून तो मळ वाटतो.

आणि हिरवा रंग जपून. तांब्याच्या भांड्यावर आधी तांबूस-तपकिरी थर येतो, मग गडद तपकिरी, मग काळा. हिरवं येतं ते ओल आणि आंबट-खारट उरलेलं राहतं तिथे, म्हणजे सांध्यात आणि कड्याच्या मागे, पातळ रेघेइतकं. भर पावसात उघड्यावर राहणाऱ्या पुतळ्याचा हिरवा रंग घरातल्या हंड्याला दिला की ते भांडं कोणी घरात वापरत नाही असं दिसतं.

ओली_शाई
प्रतिबिंबांचं पटलं. पण हायलाइट पांढराच असतो यावर मी ठाम आहे. माझ्यासमोर आत्ता पितळी समई आहे, तिच्यावरचा ठिपका पांढरा दिसतोय.

तळ्याकाठी
ठिपका पांढरा दिसतो कारण तो डोळ्याला झेपत नाही इतका तेज असतो. त्या ठिपक्याची कड बघा, ती पिवळी आहे. चिनीमातीच्या बशीवर हायलाइट दिव्याच्या रंगाचा असतो, बशीच्या नाही. धातूचं तसं नाही, पितळ आपल्यावरून परतणाऱ्या उजेडालाच पिवळं करतं आणि तांबं नारिंगी. म्हणून तांब्याच्या हंड्यात दिसणारी तीच खिडकी पीचच्या रंगाची हवी आणि पितळी तांब्यातली लोण्याच्या रंगाची. दोन्हीकडे एकच पांढरा लावला तर दोन्ही भांडी प्लास्टिकची होतात. शुद्ध पांढरा असलाच तर टाचणीच्या डोक्याएवढा, त्या लोण्याच्या रंगाच्या मधोमध.

याला एक अपवाद आहे. भांड्याच्या अगदी कडेला, जिथे नजर पृष्ठभागाला घासून जाते, तिथे धातू आपला रंग जवळजवळ सोडतो आणि मागच्या भिंतीचाच रंग दाखवतो. केसाएवढी रेघ असते, पण ती भिंतीच्या राखाडीत काढली तर भांडं पार्श्वभूमीत नीट बसतं.

सोनेरी ट्यूब मात्र नको. तिच्यातली भुकटी खोलीतल्या उजेडाने चमकते, चित्रातल्या खिडकीने नाही. बघणारा हलला की चमकही हलते. बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. दागिन्यांजवळ नाक नेऊन बघा, गडद तपकिरीशेजारी फिकट पिवळ्याचा एक जाड ठिपका, एवढ्यावर सोनं उभं केलंय.

पाणीरंगी
जलरंगात हे कसं करायचं? माझ्याकडे पांढरा नसतोच, कागद राखावा लागतो.

तळ्याकाठी
खिडकीची जागा मास्किंग फ्लुइडने झाका, पण काढल्यावर तिच्यावरून लेमन यलोचा अगदी पाण्यासारखा हात द्या, कोरा कागद सोडू नका. गडद पट्टे मात्र कोरड्या कागदावर, कड टोकदार ठेवून. काळवंडलेल्या जागी कागद ओला असतानाच रंग सोडा. बाकी त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तेलाचंच राहू दे.

सयाजीबागेतला
पितळेच्या गडद भागाला काय वापरता? मी यलो ऑकरमध्ये आयव्हरी ब्लॅक घालतो. सगळे म्हणतात काळा वापरू नका, पण पिवळ्यात काळा पडला की शेवाळी रंग येतो आणि पितळेची सावली मला तशीच दिसते.

तळ्याकाठी
पितळेपुरतं चालतं, नाकारत नाही. पितळेचा गडद भाग हिरवट तपकिरी असतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मी तोच रंग रॉ अंबर आणि अल्ट्रामरीनमधून काढतो, कारण काळ्याचा शेवाळी सगळीकडे एकसारखाच येतो. अंबर-निळ्यात प्रमाण बदलून तोच गडद खिडकीकडे थंड आणि हंड्याकडे उबदार करता येतो. हंड्याला मात्र काळा अजिबात नको. नारिंगीत काळा घातला की चिखल होतो. तिथे बर्न्ट सिएना, थोडा क्रिमसन, आणि सगळ्यात गडद जागी अल्ट्रामरीन.

सयाजीबागेतला
प्रमाण सांभाळलं तर काळाही थंड-गरम करता येतो, त्यात थोडा लाइट रेड घालून. माझ्या मते हा सवयीचा प्रश्न आहे.

रावपुरा_रंग
कोळशाने आखून, मधला भाग गडद करून पुन्हा रंगवलं. चिनीमातीची बशी शेजारी ठेवून हायलाइटचा रंग ताडून बघितला, तळ्याकाठी म्हणतात तसाच आहे. तांब्या आता धातूचा दिसतोय. पण पूर्ण नवाकोरा! काळवंडलेला भाग त्यावर चढवायचा कसा?

तळ्याकाठी
इथे बहुतेकांचं एकच चुकतं. काळपटपणा हा वरून चढवायचा तपकिरी रंग समजतात. जुन्या थराने भांड्याचा रंग बदलतो हे खरं, पण त्याआधी तो आरसा बिघडवतो. घासलेल्या भागात खिडकीची कड चाकूसारखी असते. तीच कड काळवंडलेल्या भागात शिरली की विस्कटते, उजळ भाग खाली उतरतो, गडद भाग किंचित वर येतो, आणि पार काळ्या थरात प्रतिबिंब नाहीसंच होऊन साधी मातीसारखी छटा उरते. म्हणजे तुमची मूळ मडक्याची छटा तिथे, त्या जागी, बरोबर आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्या थरातच, रंग ओला असताना, काळवंडलेल्या जागांवरच्या प्रतिबिंबांच्या कडा कोरड्या मऊ ब्रशने हलकेच पुसून मऊ करा. ब्रश प्रत्येक वेळी चिंधीला पुसा, नाहीतर पांढरा सगळीकडे पसरेल. हे न करता वरून ग्लेझ दिलात तर टोकदार प्रतिबिंब तपकिरी काचेखाली ठेवल्यासारखं दिसतं. तुमच्या पहिल्या प्रयत्नात बहुधा तेच झालं.

मग चित्र वाळू द्या. हाताला कोरडं लागायला आठवडाभर तरी धरा, पावसाळ्यात जास्त. अंबरचे भाग लवकर वाळतात, पांढऱ्याचे उशिरा, म्हणून बोट लावून बघायचं ते हायलाइटजवळ. त्यानंतर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन चमचाभर मिश्रण करा, त्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढा बर्न्ट अंबर. फक्त खोबणीत आणि काठाखाली लावा आणि लगेच सुती चिंधीने बाहेरच्या दिशेने पुसा. खोलगटात रंग राहील, उंचवट्यावरून निघेल, भांडं घासताना होतं अगदी तसंच. हंड्यावरच्या जाड, निस्तेज थराला ग्लेझ पुरत नाही. तिथे तेल न घालता अंबर, थोडा लाइट रेड आणि चिमूटभर पांढरा असा अपारदर्शक रंग, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, घासून लावा.

कासारगल्ली
तांब्यावर नाव घातलेलं आहे का? ठोकून, ठिपक्याठिपक्यांनी? असेल तर ते गाळू नका. ठिपके काळे भरलेले असतात, पण नुसते काळे काढले तर अक्षरं भांड्यावर चिकटवल्यासारखी दिसतात. तो खड्डा आहे, उजेड डावीकडून येतोय, म्हणजे खड्ड्याची डावी भिंत अंधारात आणि उजवी उजेडात. प्रत्येक काळ्या ठिपक्याच्या उजव्या कडेला फिकट पिवळ्याची बारीक चंद्रकोर द्या. अक्षराभोवती राख नीट पोचत नाही, म्हणून नावाच्या आजूबाजूला अर्धवट तपकिरी ढग असतो. तोही हवा.

हंड्यावर मठाराच्या खुणा असतील तर प्रत्येक ठोक्याला स्वतःची छोटी खिडकी असते. सगळ्या काढू नका, खिडकीच्या बाजूच्या दोन-तीन ओळी पुरतात. पुढे त्या विरत जातात.

फोडणीची_काकू
नाव ठोकलेलं असेल तर चिंचेनंतर जुन्या टूथब्रशने अक्षरं धुवा, नाहीतर आत हिरवं धरतं.

आणि चित्राचंच सांगते. आठवडाभर वाळू द्यायचं म्हणताय, पण घासलेलं तांबं पावसाळ्यात तेवढ्यात तपकिरी होतं. बोटं लागली तर बोटांचे ठसे काळे उमटतात. मग पुढच्या बैठकीला भांडं निराळंच दिसेल की!

रावपुरा_रंग
काकू, हे लक्षातच आलं नव्हतं. दोन दिवसांत हंड्याचा गुलाबीपणा उतरलाय. पुन्हा घासू का?

कासारगल्ली
घासू नका, घासल्यावर काळपटपणाची नक्षी बदलेल आणि तुमची आखणी वाया जाईल. उलट हंड्याचा घासलेला भाग आधी, एकाच बैठकीत पुरा करा. पितळ त्यामानाने सावकाश उतरतं. उचलताना कोरडं फडकं धरा. बैठक संपली की भांडी पूर्ण कोरडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि मांडणीवर खडूने बुडाच्या खुणा करा. थोडा फरक तरीही पडेलच. खोबरेल तेलाचा हात देतात काही जण, पण मग प्रतिबिंबावर तेलाची चकाकी येते, चित्राला ती नको.

सयाजीबागेतला
शोपीस म्हणून मिळणारी लॅकर मारलेली भांडी घेऊन चित्र काढा, ती बदलत नाहीत.

कासारगल्ली
बदलत नाहीत, पण जुनेपणाही खरा नसतो. लॅकर जिथे खरवडतं तिथूनच काळं शिरतं, म्हणून त्यावर वेड्यावाकड्या काळ्या रेघा येतात. घासून वापरलेल्या भांड्यावर अशा रेघा कधी दिसायच्या नाहीत.

पाणीरंगी
उबदार झाकेचा प्रश्न राहिलाच. उत्तरेची खिडकी तर थंड उजेड देते ना?

तळ्याकाठी
बरी आठवण केलीत. खिडकीतून ऊब येत नाही, ती भांड्यांच्या आपसांतल्या देवघेवीतून येते. हंड्यावरून परतलेला उजेड आधीच नारिंगी असतो. तो तांब्यावर पडून पुन्हा परततो तेव्हा पितळ त्यातला उरलासुरला निळाही खाऊन टाकतं. म्हणून तांब्याच्या उजव्या कडेची ती पट्टी हंड्यापेक्षाही गडद, जवळजवळ लालसर नारिंगी दिसते. पितळी वाटीच्या आत डोकावा, बाहेरून पिवळी असलेली वाटी आत खोलवर नारिंगी होत जाते. तिथे उजेड दोन-तीनदा उसळून येतो.

रंगवताना या पट्टीत पांढरा अजिबात घालू नका. बर्न्ट सिएना आणि कॅडमियम ऑरेंज, पातळ, खालचा गडद थर किंचित दिसेल असा. ती खिडकीच्या प्रतिबिंबापेक्षा कितीतरी गडद असते. उजळ केली तर दुसरा दिवा लावल्यासारखं होतं. आणि खिडकीचं प्रतिबिंब आपल्या थंडपणावर राहू द्या. लोण्याच्या रंगात निळ्याची किंचित झाक असली तरच शेजारचा नारिंगी ऊबदार वाटेल.

दोन भांड्यांत अंतर किती आहे? वीतभर असेल तर चार बोटांवर आणा, पट्टी चांगलीच रुंद होईल.

रावपुरा_रंग
वीतभरच होतं. जवळ आणलं, आता हंड्यातही तांब्याची पिवळी रेघ दिसतेय. म्हणजे उजवी बाजू पुन्हा आखावी लागेल.

नाव आहे तांब्यावर, ठिपक्यांचंच. चंद्रकोरी शून्य नंबरच्या ब्रशने करून बघितल्या. खिडकीच्या प्रतिबिंबात जी दोन अक्षरं येतात ती छान उठली, पण गडद पट्ट्यातली अक्षरं दिसेनाशीच होतात. तिथे काय करायचं?

ओली_शाई
दिसेनाशी होऊ द्या. सगळं नाव वाचता आलं तर नजर तिथेच अडकते.

कासारगल्ली
मला नाही पटत. गडद भागातही खड्ड्याच्या कडेला सतरंजीचा विटकरी उजेड लागतो, खालच्या बाजूने. निरखून बघा, असेल तर तेवढा एक स्पर्श द्या.

तळ्याकाठी
आधी डोळे बारीक करून बघा. तशा नजरेलाही अक्षर दिसलं तर रंगवा, नाही दिसलं तर सोडा. आणि उजवी बाजू नव्याने आखण्याआधी जुना रंग ओला असेल तर खरवडून काढा, त्यावरच नवा चढवलात तर नारिंगी पट्टीत खालचा पांढरा मिसळेल.